लिटरेचर रिव्ह्यू काळानुसार परत कसा लावायचा: शॉर्ट टर्म मेमरीचं एक उदाहरण घेऊन

रिव्ह्यूचा ड्राफ्ट गाईडकडून परत येतो आणि मार्जिनमध्ये एवढंच लिहिलेलं असतं, "कालक्रमाने मांडा, विचार कसा पुढे सरकला ते दिसत नाही." मग बहुतेक जण काय करतात, तर सगळे पॅराग्राफ सालाप्रमाणे वरखाली करतात आणि परत पाठवतात. आता चॅप्टर कसा वाचला जातो? 1956 मध्ये अमुक यांनी असं म्हटलं, 1959 मध्ये तमुक यांनी तसं म्हटलं, 1968 मध्ये अजून कोणी काहीतरी म्हटलं. ही हजेरी झाली. सालं चढत्या क्रमाने आहेत पण कोणी कोणाला उत्तर दिलं, कशामुळे आधीचं म्हणणं मागे पडलं, यातलं काहीच नाही, आणि गाईडला नेमकं तेच हवं होतं.

खाली मी एकच उदाहरण धरून पूर्ण काम कसं करायचं ते सांगतोय. विषय घेतलाय मानसशास्त्रातला, शॉर्ट टर्म मेमरी. यातले वाद अगदी स्पष्ट आहेत आणि पेपर सहज मिळतात म्हणून. तुमचा विषय वेगळा असेल तर नावं बदला, पायऱ्या त्याच राहतात. तुमच्याकडे विषयवार लिहिलेला ड्राफ्ट आधीच आहे असं मी धरून चाललोय, म्हणजे "मेमरीची मर्यादा", "विसरण्याची कारणं", "मेमरीची रचना" असे तीन भाग आणि प्रत्येकात सगळ्या काळातले पेपर मिसळलेले.

पहिली पायरी: एकच प्रश्न निवडा

कालक्रम हा विषयाचा लावता येत नाही, प्रश्नाचा लावता येतो. हे नीट बघा. शॉर्ट टर्म मेमरीवर एकाच वेळी निदान तीन वेगळे वाद चालू होते. किती गोष्टी मावतात? आपण कशामुळे विसरतो? आणि आतमध्ये हे सगळं एकच कप्पा आहे की अनेक भाग आहेत? हे तिन्ही वाद एकमेकांत मिसळून सालाप्रमाणे लावले की वाचणारा दर दोन ओळींनी एका भांडणातून दुसऱ्या भांडणात जाऊन पडतो.

तेव्हा स्वतःला विचारा की माझ्या संशोधनाचा प्रश्न यातल्या कुठल्या वादातून निघतो. समजा तुम्ही मुलांच्या वाचनावर आणि वर्किंग मेमरीवर, म्हणजे एखादं काम करताना लागणारी माहिती तात्पुरती धरून वापरणाऱ्या मेमरीवर, काम करताय, तर तुमचा मुख्य धागा तिसरा, रचनेचा. बाकीचे दोन वाद टाकून द्यायचे नाहीत, पण ते जिथे मुख्य धाग्याला येऊन टेकतात तिथेच आणि तेवढेच येतील. हा निर्णय आधी झाला नाही तर पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया जातात.

दुसरी पायरी: ड्राफ्टला हात न लावता एक शीट करा

वर्ड फाइल बंद ठेवा. स्प्रेडशीट उघडा आणि ड्राफ्टमध्ये आलेला प्रत्येक महत्त्वाचा पेपर एकेका ओळीत टाका. कॉलम फार नकोत, हे सहा पुरतात: विचार पहिल्यांदा मांडल्याचं साल, मी वापरलेल्या आवृत्तीचं साल, आधी लोक काय मानत होते, यांनी काय दाखवलं, कसं दाखवलं, आणि कोणाला उत्तर म्हणून.

सालाचे दोन कॉलम का, तर इथेच नवीन लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते. एबिंगहाउस यांचं मेमरीवरचं जर्मन पुस्तक 1885 चं. इंग्रजी भाषांतर 1913 चं आणि त्याचं पुनर्मुद्रण 1964 चं. तुमच्याकडे पुनर्मुद्रण असेल आणि रेफरन्स लिस्टमध्ये 1964 टाकलं असेल, तर सालाप्रमाणे सॉर्ट केल्यावर एबिंगहाउस मिलर यांच्या 1956 च्या पेपरच्या नंतर येऊन बसतात, आणि या विषयाची सुरुवात करणारा माणूस पार मध्ये कुठेतरी अडकतो. भाषांतरित पुस्तकांच्या बाबतीत हे सर्रास होतं, व्हायगॉट्स्की 1934 मध्ये वारले आणि त्यांचं भाषा आणि विचार यावरचं पुस्तक इंग्रजीत आलं 1962 मध्ये, आता नुसतं 1962 बघून त्यांना कुठे लावाल?

Zotero वापरत असाल तर त्या नोंदीच्या Extra या रकान्यात मूळ साल असं लिहा:

```
Original Date: 1885
```

मग एपीए स्टाइलमध्ये मजकुरात 1885/1913 असं दोन्ही सालांसकट येतं, वाचणाऱ्याला पण गोंधळ होत नाही. फक्त Zotero मधला Date कॉलम सॉर्ट करताना हे मूळ साल धरत नाही, म्हणून शीटमधला स्वतःचा कॉलम लागतोच.

"कोणाला उत्तर म्हणून" हा कॉलम सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा. तो भरायला पेपरची प्रस्तावना परत वाचावी लागते, अॅब्स्ट्रॅक्टवर भागत नाही. लेखक पहिल्या दोन-तीन पानांत कोणाचं नाव घेऊन "पण" म्हणतो ते शोधायचं. उलट दिशेने, म्हणजे या पेपरला पुढे कोणी उत्तर दिलं हे बघायला गूगल स्कॉलरवर त्या पेपरखालचं Cited by उघडा आणि Search within citing articles वर टिक करून तुमचा शब्द टाका, नाहीतर हजारो पेपर समोर येतात आणि माणूस तिथेच हात टेकतो.

आमच्या उदाहरणात या कॉलमने काय दाखवलं ते सांगतो, थोडं सविस्तर, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

1959 मध्ये पीटरसन दांपत्याने लोकांना तीन अक्षरं दिली आणि मग एका आकड्यापासून तीन-तीन वजा करत मोजायला लावलं, म्हणजे अक्षरं मनात घोळवता येऊ नयेत. 18 सेकंदांत बहुतेकांची अक्षरं गेली. याच्या एक वर्ष आधी ब्राउन यांनी पण असंच काहीसं दाखवलं होतं. लोकांनी अर्थ असा काढला की घोळवलं नाही तर ठसा आपोआप पुसट होतो, म्हणजे लाँग टर्मपेक्षा वेगळे नियम असलेला एक तात्पुरता कप्पा असणार. 1962 मध्ये केपल आणि अंडरवूड यांनी तोच प्रयोग घेतला आणि विचारलं, की सरासरी राहू द्या, पहिल्याच फेरीत काय होतं ते बघू. तर पहिल्या फेरीत जवळजवळ विसरणंच नाही. फेऱ्या वाढतात तसं विसरणं वाढतं, म्हणजे आधीची अक्षरं नव्या अक्षरांत लुडबुड करतात. म्हणजे पीटरसन यांचा आकडा खरा, पण त्याचा अर्थ बदलला. तरी वेगळ्या कप्प्याची कल्पना मेली नाही, आणि 1968 मध्ये अॅटकिन्सन आणि शिफ्रिन यांनी ती व्यवस्थित मॉडेल करून मांडली: इंद्रियांकडून आलेलं आधी क्षणभराच्या स्टोअरमध्ये, तिथून शॉर्ट टर्म स्टोअरमध्ये, तिथून लाँग टर्ममध्ये.

आता या मॉडेलवरून एक गोष्ट ओघानेच येते. शॉर्ट टर्म हा दरवाजा असेल तर दरवाजा मोडलेल्या माणसाला नवीन काही शिकता येऊ नये. 1970 मध्ये शॅलिस आणि वॉरिंग्टन यांनी के. एफ. या रुग्णाबद्दल लिहिलं. त्याला ऐकलेले दोन-तीन आकडेसुद्धा धड परत सांगता येत नव्हते, पण नवीन गोष्टी शिकणं आणि लक्षात ठेवणं शाबूत होतं. 1972 मध्ये क्रेक आणि लॉकहार्ट यांनी वेगळाच मुद्दा काढला, की कुठल्या कप्प्यात किती वेळ ठेवलं हे सोडा, माहितीवर किती खोल प्रक्रिया केली ते महत्त्वाचं. आणि 1974 मध्ये बॅडले आणि हिच यांनी सरळ मॉडेलची परीक्षा घेतली. शॉर्ट टर्म स्टोअर हीच विचार करायची जागा असेल तर ती आकड्यांनी भरून टाकल्यावर विचार कोलमडायला हवा. त्यांनी लोकांना सहापर्यंत आकडे लक्षात ठेवायला लावून त्याच वेळी तर्काची वाक्यं सोडवायला दिली. लोकांचा वेग कमी झाला, चुका मात्र फारशा वाढल्या नाहीत. मग एकच जागा कशी असेल? त्यांनी ती फोडून तीन भाग केले: सूत्रं हलवणारा एक मध्यवर्ती भाग, आवाजासाठी एक आणि दृश्य-जागेसाठी एक. 2000 मध्ये बॅडले यांनी वेगवेगळ्या ठिकाणची माहिती एकत्र जोडून धरणारा चौथा भाग जोडला, एपिसोडिक बफर.

हे सगळं ड्राफ्टमध्ये होतं. नावं होती, सालं होती, निष्कर्ष होते. फक्त "मग" आणि "पण" नव्हते.

तिसरी पायरी: बाण काढा

शीट प्रिंट करा किंवा कागदावर नावं लिहा आणि "कोणाला उत्तर" कॉलमवरून बाण काढा. ज्या पेपरकडे एकही बाण येत नाही आणि ज्याच्यातून एकही जात नाही तो पेपर या चॅप्टरमध्ये काय करतोय हे विचारायची ही वेळ. बऱ्याचदा तो फक्त आपण वाचलाय म्हणून तिथे असतो. मनावर दगड ठेवून बाहेर काढा. वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, डिलीट करू नका, व्हायव्हाला कोणीतरी नेमकं त्याच्याबद्दल विचारतं.

बाण काढताना एक सावधगिरी: नंतर आलेला प्रत्येक पेपर आधीच्याला उत्तर नसतो. क्रेक-लॉकहार्ट 1972 चे आणि बॅडले-हिच 1974 चे, म्हणून दुसरा पहिल्यातून निघाला असं लिहिणं ही उगाच जोडलेली गोष्ट झाली. दोघंही अॅटकिन्सन-शिफ्रिन मॉडेलवरच्या नाराजीतून निघालेत, पण वेगवेगळ्या दिशेला. बाण एकाच ठिकाणाहून दोन फाटे फुटतात तसा काढा. बाहेरचा परीक्षक हा विषय जाणणारा असेल तर असलं खोटं नातं त्याला लगेच दिसतं.

चौथी पायरी: दशकं नकोत, वळणं शोधा

"1950 ते 1960", "1960 ते 1970" असे सबहेडिंग मला अजिबात आवडत नाहीत, कारण विचार काही कॅलेंडर बघून बदलत नाही. बाणांच्या कागदावर जिथे बरेच बाण एका ठिकाणी येऊन टेकतात आणि तिथून नवीन बाण निघतात, तिथे वळण असतं. आमच्या उदाहरणात अशी दोनच वळणं आहेत, 1968 आणि 1974. म्हणजे काळाचे तीन तुकडे. त्यांना नाव द्या ते त्या काळात लोक काय मानत होते त्यावरून:

वेगळा कप्पा आहे का? (1956 ते 1968)
एक कप्पा, एक दरवाजा, आणि त्याला गेलेले तडे (1968 ते 1974)
कप्प्याऐवजी अनेक भागांची यंत्रणा (1974 पासून पुढे)

मधला तुकडा फक्त सहा वर्षांचा आहे आणि शेवटचा पन्नासेक वर्षांचा, चालतं. पानंसुद्धा सारखी वाटायची गरज नाही. जिथे भांडण पेटलंय तिथे जास्त लिहा.

वळण खरं की आपण ओढूनताणून आणलंय हे ओळखायची एक सोपी खूण आहे. वळणानंतरचे लोक प्रश्नच वेगळा विचारायला लागतात. 1974 च्या आधी विचारायचे किती मावतं आणि किती वेळ टिकतं, नंतर विचारायला लागले की हे कुठलं काम करताना वापरलं जातं आणि कुठला भाग वापरला जातो. प्रश्न तोच आणि उत्तर फक्त थोडं सुधारलेलं असेल तर ते वळण नव्हे, तो पॅराग्राफच्या आत जाऊ दे.

पाचवी पायरी: समांतर धागे

इथे सगळे अडकतात. मर्यादेचा वाद घ्या. मिलर 1956 मध्ये सातच्या आसपास म्हणाले, कोवन 2001 मध्ये म्हणाले की घोळवणं आणि गट पाडणं बंद केलं तर साधारण चारच. दोघांमध्ये पंचेचाळीस वर्षं. सालाप्रमाणे मिलर पहिल्या भागात आणि कोवन तिसऱ्या भागात टाकले तर कोवनपर्यंत येईतो वाचणारा मिलरना विसरलेला असतो.

दोन मार्ग आहेत. एक, हा धागा छोटा आणि बाजूचा असेल तर तो एकाच ठिकाणी सुरू करून तिथेच संपवा, आणि मग मागे या. मागे येताना ते सांगून या: "मर्यादेचा हा वाद 2001 पर्यंत चालू राहिला, रचनेबाबत मात्र 1960 च्या दशकातच..." एवढं लिहिलं की साल मागे गेलं तरी कोणी तक्रार करत नाही. दोन, धागा मुख्य धाग्याला परत येऊन मिळत असेल तर तो तोडून दोन ठिकाणी लिहा आणि दुसऱ्या ठिकाणी अर्ध्या वाक्यात आधीची आठवण करून द्या. कोवन यांच्या बाबतीत मी दुसरा मार्ग घेईन, कारण त्यांचा चारचा आकडा त्यांच्या रचनेबद्दलच्या मांडणीतूनच येतो, की वर्किंग मेमरी म्हणजे वेगळा कप्पा नसून लाँग टर्म मेमरीचा सध्या जागा असलेला भाग आणि त्यातही लक्ष जिथे आहे तेवढा तुकडा. ही मांडणी त्यांनी 1988 मध्येच केली होती, तर तिसऱ्या भागात ती बॅडले यांच्या मॉडेलसमोर उभी करता येते.

मिलरवरून आठवलं, त्यांच्याबद्दल "मिलर यांनी शॉर्ट टर्म मेमरीची क्षमता सात असल्याचं सिद्ध केलं" असं वाक्य जवळजवळ प्रत्येक ड्राफ्टमध्ये असतं. मूळ पेपर वाचला तर त्यांनी वेगवेगळ्या प्रकारच्या कामांत सातच्या जवळ येणारा आकडा दाखवून शेवटी हा निव्वळ योगायोग असावा असा संशय व्यक्त केलाय. कालक्रमाच्या रिव्ह्यूमध्ये अशी चूक जास्त महागात पडते, कारण पुढच्यांचं उत्तर नेमकं कशाला होतं हेच चुकतं. निदान वळणावरचे पेपर तरी मुळातून वाचा.

सहावी पायरी: आता कापाकापी

आता वर्ड फाइल उघडा, आधी तिची कॉपी करून ठेवा. नवीन कोऱ्या फाइलमध्ये तीन सबहेडिंग टाका आणि जुन्यातून वाक्यं उचलून आणा. पूर्ण पॅराग्राफ उचलू नका, कारण जुना पॅराग्राफ विषयाभोवती बांधलेला असतो आणि त्यात तीन काळातले लोक एकत्र बसलेले असतात. एक नमुना दाखवतो. जुना पॅराग्राफ असा होता:

"वर्किंग मेमरीचे तीन घटक आहेत (बॅडले व हिच, 1974). शॉर्ट टर्म मेमरीतून माहिती लाँग टर्म मेमरीत जाते (अॅटकिन्सन व शिफ्रिन, 1968). मेंदूला इजा झालेल्या रुग्णाची शॉर्ट टर्म मेमरी कमी आढळली (शॅलिस व वॉरिंग्टन, 1970)."

एकही वाक्य चुकीचं नाही, पण एकालाही दुसऱ्याची गरज नाही. क्रम बदलला तरी काही बिघडत नाही, आणि हीच ओळखायची खूण. तेच नव्याने:

"अॅटकिन्सन व शिफ्रिन (1968) यांच्या मॉडेलमध्ये माहिती लाँग टर्म मेमरीत पोचण्याचा मार्ग शॉर्ट टर्म स्टोअरमधूनच जात होता. असे असेल, तर हा स्टोअर निकामी झालेल्या व्यक्तीचे नवीन शिकणेही थांबायला हवे. शॅलिस व वॉरिंग्टन (1970) यांच्या रुग्णात तसे घडले नाही. आकडे परत सांगण्याची क्षमता अत्यंत कमी असूनही त्याचे शिकणे शाबूत होते. एकच स्टोअर सर्व कामे करतो हे गृहीतक त्यामुळे अडचणीत आले, आणि बॅडले व हिच (1974) यांनी त्याचीच थेट चाचणी घेतली."

नवीन काय आलं? पेपर तेच तीन. "असे असेल, तर", "तसे घडले नाही", "त्यामुळे अडचणीत आले" ही सांध्याची वाक्यं आली. जुन्या मजकुरातून साधारण अर्धा भाग कामाला येतो, सांधे नव्याने लिहावे लागतात, आणि खरा वेळ त्यातच जातो. पेपर पुढच्याने खोटा ठरवला असेल तर तसं लिहा, अर्थ बदलला असेल तर तसं, फक्त व्याप्ती कमी केली असेल तर तसं. सगळीकडे "पुढे नेले" लिहू नका. केपल-अंडरवूड यांनी पीटरसन यांचं काम "पुढे नेलं" असं लिहिलंत तर काय झालं ते कळतच नाही, त्यांनी तर त्यातलं स्पष्टीकरणच काढून घेतलं.

सातवी पायरी: तपासणी

प्रत्येक पॅराग्राफचं फक्त पहिलं वाक्य कॉपी करून एका पानावर एकाखाली एक टाका आणि वाचा. गोष्ट कळली पाहिजे. सगळी वाक्यं "अमुक (साल) यांनी" असं सुरू होत असतील तर अजून हजेरीच चालू आहे, पहिल्या वाक्यात माणसाऐवजी अडचण आणा.

दुसरं, आजचं ज्ञान मागे नेऊन चिकटवलंय का ते बघा. "पीटरसन यांना अजून वर्किंग मेमरीचे घटक माहीत नव्हते" अशी वाक्यं कापा. त्यांच्यासमोर तो प्रश्नच नव्हता, त्यांच्यासमोर जो होता तो लिहा. तसंच 1968 चं मॉडेल फक्त पडण्यासाठीच उभं केल्यासारखं लिहू नका. ते त्या वेळी लोकांना पटलं कशामुळे हे दोन वाक्यांत आलं नाही तर 1970 चा रुग्ण इतका महत्त्वाचा का हे पण कळणार नाही.

तिसरं, शेवटचा भाग बघा, तो बहुतेक वेळा सैल पडतो कारण अलीकडच्या वादांचा निकाल लागलेला नसतो आणि पेपर ढिगाने असतात. तिथे सगळे पेपर घालायचा मोह होतो. तुमच्या प्रश्नाला जाऊन भिडणारे दोन किंवा तीनच गट ठेवा, ते आपसांत कुठे जुळत नाहीत ते लिहा, आणि तुमचा अभ्यास त्या न जुळणाऱ्या जागी कुठे बसतो ते एका वाक्यात. वाचन आणि वर्किंग मेमरीच्या उदाहरणात हा धागा डेनमन आणि कार्पेंटर यांच्या 1980 च्या कामापासून घ्यावा लागेल, त्यांनी वाक्यं वाचता वाचता प्रत्येकाचा शेवटचा शब्द लक्षात ठेवायला लावला आणि तो आकडा वाचनाच्या आकलनाशी जुळतो असं दाखवलं. म्हणजे तिसऱ्या भागात रचनेचा धागा आणि हा मोजमापाचा धागा दोन्ही तुमच्या प्रश्नापाशी येऊन मिळतात.

एक राहिलं. मोजमापाची साधनं, नमुन्याचं वय, असल्या तपशिलांचा तुमचा जुना विषयवार भाग चांगला जमला असेल तर तो मोडू नका. पद्धतींची तुलना कालक्रमात नीट बसत नाही, ती कालक्रमाच्या शेवटी वेगळं सबहेडिंग देऊन तशीच ठेवा आणि गाईडला पाठवताना मेलमध्ये तसं सांगून टाका, म्हणजे "हा भाग का नाही बदलला" म्हणून परत एक फेरी होणार नाही.